‘सुंदर ते ध्यान’ रशियनमध्ये: चाल सांभाळू की अर्थ?

मांद्रेकर: आमच्या देवळात भजनाला हल्ली दोन-तीन रशियन बायका नेमाने येऊन बसतात, टाळ पण धरतात. त्यांच्यासाठी ‘सुंदर ते ध्यान’ रशियन पद्यात करायला घेतलंय, थोडी रशियन येते मला. अभंगाचा ६-६-६-४ अक्षरांचा हिशोब आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक दोन्ही ठेवलंय. पहिलं कडवं असं झालंय:

वोत स्तइत प्रिक्रास्नी / ना किर्पीच स्तुपीफ्शी / व्येक न्ये उखदीफ्शी / रूकी व्‌बोकी

म्हणजे ‘हा उभा सुंदर, विटेवर पाऊल ठेवलेला, युगभर न गेलेला, हात कमरेवर’. घरचे म्हणतात अर्थ सोड नको, चाल गेली तरी चालेल. तुम्ही काय म्हणता?

पखवाज_साखळी: चाल अजिबात सोडू नका. विठ्ठलापूरच्या देवळात लहानपणापासून वाजवतोय म्हणून सांगतो, शेवटचा चार अक्षरांचा चरण हाच अभंगाचा जीव. तिथे बुवा थांबतो आणि मागचे झेल घेतात, तो आखूड चरण लांब केलात तर झेलकऱ्यांना जागाच उरत नाही. आणि रशियनमध्ये पण जुनी कविता अक्षरं मोजूनच लिहायचे असं वाचलंय, म्हणजे आपला अभंग तिथे सरळ बसायला हवा, एवढा विचार कशाला?

पर्वरीची बाई: मी पुण्यात बरीच वर्षं रशियन शिकवली, म्हणून बोलते. पखवाजवाले म्हणतात ते खरंय पण ती सतराव्या शतकातली गोष्ट. सिमिओन पोलोत्स्कीचं पद्य स्तोत्रसंहितेचं पुस्तक १६८० चं, ते तसंच अक्षरं मोजून केलेलं. नंतर १७३५ ला त्रेदियाकोव्स्कीने आणि मग लमनोसवने सगळं आघातावर नेलं. रशियन शब्दात एकच अक्षर जोरात येतं, बाकीची इतकी गिळतात की आघात नसलेला ‘ओ’ चक्क ‘अ’ होतो, त्यामुळे नुसती सहा-सहा अक्षरं मोजलीत तर आजच्या रशियन कानाला ते गद्यच वाटेल.

मांद्रेकरांनी मात्र आघात पण सांभाळलाय, कळत की नकळत ते त्यांनाच ठाऊक. ‘ना किर्पीच स्तुपीफ्शी’ मोठ्याने म्हणून बघा, तिसरं आणि पाचवं अक्षर जोरात येतं. म्हणजे विषम जागांवरच आघात, हा त्यांचा त्रखेय. सहा अक्षरांचा त्रखेय त्यांना शाळेपासून ओळखीचा, लेर्मोन्तोव्हची १८४० ची डोंगरमाथ्यांवरची छोटी कविता ह्याच चालीत आहे. म्हणजे चाल उपरी वाटणार नाही. त्याबद्दल शाबासकी.

पण ‘रूकी व्‌बोकी’ काढा. चार अक्षरं, आघात बरोबर, शब्द रोजचा, म्हणून मोह पडतो हे कळतं. पण रशियन माणूस ‘रूकी व्‌बोकी’ उभा राहतो तो भांडायला, फुशारकी मारायला नाहीतर नाचायला. गावच्या जत्रेत कमरेवर हात ठेवून ठसक्यात उभी असते तशी बाई डोळ्यासमोर येते. इथे तर पांडुरंग भक्ताची वाट बघत शांत उभाय.

हरमल_रूम्स: अहो एवढं भाषांतर कशाला, मराठी अभंगच रशियन लिपीत लिहून द्या ना. माझ्याकडे उतरायला यायच्या त्यांना मी ‘विठ्ठल विठ्ठल’ लिहून दिलं होतं, मस्त म्हणायच्या. फक्त त्यांच्या लिपीत ळ नाही आणि ध, भ सुटं अक्षर जोडून लिहावं लागतं, ते द आणि ह वेगवेगळेच म्हणतात.

मांद्रेकर: @हरमल_रूम्स म्हणायला त्यांना मराठीच येतं, पाठ आहे. आपण काय म्हणतोय ते त्यांच्या भाषेत हवंय, आणि ते पण म्हणता येईल असं.

माशेलचा_विद्यार्थी: मी पूर्ण उलट बाजूला. तिसरा चरण बघा, ‘युगभर न गेलेला’. हे तुकोबांनी ह्या अभंगात कुठे म्हटलंय? अठ्ठावीस युगं आरतीतली, नामदेवांची. स्तुपीफ्शीला यमक हवं म्हणून एक अख्खा चरण बाहेरून आणला, आणि ‘कर कटावरी ठेवोनिया’ हे दोन चरणांतलं एकच वाक्य शेवटच्या चार अक्षरांत कोंबलं. हे यमकाचं भाषांतर झालं, अभंगाचं नाही. दुसरं म्हणजे ‘उभे विटेवरी’ला ‘पाऊल ठेवलेला’? पुंडलिकाने वीट फेकली आणि देव थांबलाय, अजून थांबलाय, ते उभं राहणं म्हणजेच सगळं. पाऊल ठेवणारा पुढे पाऊल उचलेल पण! मुक्तछंदात करा, ओळी लांब झाल्या तर होऊ देत.

पर्वरीची बाई: बाहेरून आणलेल्या चरणाबद्दल तुझं शंभर टक्के बरोबर. ‘विटेवर उभा’ सरळ का नाही येत ते मात्र ऐक. वीट म्हणजे किर्पीच, पण ‘विटेवर’ म्हणायला गेलं की ‘ना किर्पिचे’ होतं आणि आघात शेवटच्या ‘चे’वर सरकतो, म्हणजे चौथ्या अक्षरावर. त्याला ‘स्तोया’, उभा राहून, जोडलं तर चौथं आणि पाचवं दोन्ही जोरात, जीभ अडखळते. म्हणून ‘विटेवर चढून’ घ्यावं लागतं. पण पहिल्याच चरणात ‘वोत स्तइत’, हा उभाय, आलंय की वर्तमानात! पाऊल ठेवलं, आता उभाय. दोन्ही मिळून वाच, उभं राहणं हरवलेलं नाही.

आता तिसरा-चौथा बदलून बघते:

वोत स्तइत प्रिक्रास्नी / ना किर्पीच स्तुपीफ्शी / रूकी वज्लझीफ्शी / ना स्वोय पोयस

‘हा उभा सुंदर, विटेवर पाऊल ठेवलेला, हात ठेवलेला आपल्या कमरेवर’. यमक तुकोबांच्याच जागी, दुसऱ्या-तिसऱ्याला, आणि तेही प्रत्ययाचं साधं यमक, विटेवरी-कटावरीसारखंच. ‘वज्लझीत’ हे क्रियापद चर्चमधलं, बिशप मस्तकावर हात ठेवतो तेव्हाचं. त्यामुळे ठसका गेला, भारदस्तपणा आला.

माशेलचा_विद्यार्थी: भारदस्तपणाच नको होता मॅडम. तुकोबा वाण्याच्या घरचे, रोजच्या बोलीत बोलतात. ‘स्तुपीफ्शी, वज्लझीफ्शी’ ही पुस्तकी रूपं आहेत ना? रशियन माणूस बोलताना असं बोलतो का?

पर्वरीची बाई: नाही बोलत. ही रूपं लेखी आणि प्रार्थनेतली, तुझा मुद्दा मान्य. पण रशियन भक्ताला देवाशी बोलायची भाषा तशीच ऐकायची सवय, तिथे फार घरगुती झालं तर तो बालगीत समजेल.

पखवाज_साखळी: हे आत्ता ठेक्यावर म्हणून बघितलं. ‘पोयस’ला पहिलं अक्षर जोरात, तिथे सम घेतली तर छान बसतं आणि ‘स’वर झेल घेता येतो. पण आमचा बुवा ‘किर्पीच’चं ‘कीर’ ओढणार, सवयच ती, पहिलं अक्षर ओढायची. तसं चालेल का?

पर्वरीची बाई: नाही चालणार, शब्दच ओळखू येणार नाही. ‘पीच’ ओढा.

मांद्रेकर: बाईंचा तिसरा-चौथा चरण घेतो. अडचण पहिल्या चरणाचीच उरलीय, त्यात ‘ध्यान’ कुठेच नाही, नुसता सुंदर. ‘काक प्रिक्रासेन ओब्रज’ केलं तर सहा अक्षरं आणि आघात दोन्ही जमतात, आणि ओब्रज म्हणजे रूप पण आणि घरातल्या कोपऱ्यातली देवाची तसबीर पण, ध्यानाच्या फार जवळ.

पर्वरीची बाई: ओब्रज मलाही आवडतो. पण मग ‘उभाय’ गेलं, आणि तसबीर विटेवर पाऊल कशी ठेवणार? दोन्ही एका चरणात मावत नाहीत, तुम्हाला एक सोडावं लागेल.

माशेलचा_विद्यार्थी: ‘उभाय’ ठेवा, ध्यान पुढच्या ‘तेंचि रूप’ला आणता येईल, तिथे ओब्रज हक्काने बसेल. आणि तुळशीला बझिलीक लिहू नका कृपा करून, ते सॅलडमध्ये घालतात. ‘तुलसी’च ठेवा.

मांद्रेकर: ‘तेंचि रूप’ चार अक्षरं. ‘एतत ओब्रज’ पण चारच. बघतो आज रात्री बसवून, पण ‘आवडे निरंतर’मधल्या ‘निरंतर’ला सहात कसं बसवायचं ते अजून सुचत नाहीये, कोणाला सुचलं तर टाका.