प्री-प्लेसमेंट टॉक: नोंदणीआधी सीजीपीए तपासा
"तिसऱ्या वर्षात आहे, एक विषय राहिलाय. टॉकला नोंदणी करू का?"

जरूर कर. आमच्या कंपनीतर्फे भरती मीच बघते आणि टॉक तिसऱ्या वर्षाच्या सगळ्यांसाठी खुला आहे. पात्रतेची अट त्यानंतरच्या इंटर्नशिपच्या परीक्षेला आहे: सीजीपीए किमान 6.5 आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी एकही विषय बाकी नको. फेरपरीक्षेचा निकाल त्याआधी लागला तर तूही पात्र. निकाल यायचा असेल तर मात्र विषय बाकीच धरला जातो.

खरी गडबड सीजीपीएत होते. समजा, पहिल्या सत्रात 20 क्रेडिटला 7 आणि दुसऱ्यात 24 क्रेडिटला 6 मिळाले. मुलं सरळ सरासरी काढून 6.5 लिहितात. पण क्रेडिटने गुणून बेरीज केली तर 140 अधिक 144 म्हणजे 284, त्याला 44 ने भागलं की 6.45. गुणपत्रिका तपासताना असा अर्ज बाद होतो आणि मला फार वाईट वाटतं, कारण मूल खोटं बोललेलं नसतं. म्हणून गुणपत्रिकेवरचा आकडा जसाच्या तसा लिहा, वर ओढू नका.

नोंदणी प्लेसमेंट सेलच्या पोर्टलवरच करायची. प्रोफाइल पडताळून घ्या, रेझ्युमे पीडीएफमध्ये चढवा, मग टॉकसाठी नाव द्या. ही नोंदणी म्हणजे अर्ज नव्हे! अर्जाची लिंक टॉकनंतर, हजेरी लागलेल्यांनाच येते. ती कॉलेजच्या ईमेलवर येते, तेव्हा स्पॅमही बघा.