राजीनाम्यात नोटीस कमी करून मागायची का? (पुणे, आयटी आणि इतर)

हिंजवडी_फेज_२: राजीनाम्यात 'नोटीस कमी करा' अशी विनंती करणं म्हणजे भीक मागणं. कंपनी माणूस काढताना विचारते का? माझी नोटीस ९० दिवसांची, नवी कंपनी ४५ दिवसच थांबणार. मी 'कौटुंबिक कारण' एवढी एक ओळ लिहिणार, ४५ दिवस झाले की लॅपटॉप जमा करणार आणि निघणार. हॅन्डओव्हरचे लांबलचक प्लॅन लिहिणारे स्वतःचीच किंमत घालवतात. कुणाला वेगळं वाटतं का?

वाकडकर: मला वेगळं वाटतं. वाचून संताप आला, म्हणून सविस्तर लिहितो. बरीच वर्षं डिलिव्हरी सांभाळतोय, अशी पत्रं माझ्याकडेच येतात. एका ओळीचं पत्र आलं की ते मी एचआरकडे पुढे पाठवतो, सिस्टिम ९० दिवस मोजून तारीख टाकते आणि विषय संपतो. मनात असलं तरी वरच्या साहेबाकडे जाऊन तुमच्यासाठी भांडायला माझ्या हातात काही नसतं.

मॅनेजर आडवा येतो तो बहुतेक वेळा आकसापोटी नाही. तुमची जागा क्लायंटला बिल होत असते. बदली माणूस बेंचवरून शोधायचा, क्लायंटने त्याचा इंटरव्ह्यू घ्यायचा, तो पास व्हायचा, मग त्याला ॲक्सेस मिळायचे. यात महिना सहज जातो. तोवर जागा रिकामी राहिली तर बिलिंग बंद, आणि त्याचा जाब मला द्यावा लागतो. त्यामुळे पत्र वाचताना मी एकच गोष्ट शोधतो: ही व्यक्ती गेल्यावर नक्की काय अडेल, आणि ते कधीपर्यंत दुसऱ्याच्या हातात जाईल.

माझ्या टीममधल्या एका मुलीचं उदाहरण देतो. नवऱ्याची बदली नागपूरला झाली होती. तिने २ जूनला राजीनामा दिला. कराराप्रमाणे शेवटचा दिवस ३० ऑगस्ट येत होता, तिने १६ जुलै मागितला. पहिल्या परिच्छेदात राजीनामा, तोही बिनशर्त. विनंती दुसऱ्या परिच्छेदात, 'मान्य न झाल्यास ३० ऑगस्टपर्यंत काम करेन' या वाक्यासह. कारण एकाच ओळीत, बदलीच्या तारखेसकट. आणि मग हॅन्डओव्हर. रोजची तिकिटं कोणीही बघू शकत होतं, त्यावर तिने एक शब्द खर्च केला नाही. फक्त तिलाच येणाऱ्या तीन गोष्टी होत्या: रात्रीची बॅच पडली तर ती मधूनच पुन्हा कशी चालवायची, महिनाअखेरचे रिपोर्ट, आणि एका व्हेंडरकडून येणारी फाइल, जिच्यात तारखेचा फॉरमॅट अधूनमधून बदलून यायचा.

प्रत्येकीपुढे टीममधल्या माणसाचं नाव आणि तारीख होती. महिनाअखेरीचा भाग तर मला आजही आठवतो. १६ जुलैला गेली तर तिच्या हाताशी जूनअखेर ही एकच महिनाअखेर उरत होती. म्हणून तिने लिहिलं, की ३० जूनला रिपोर्ट तो मुलगाच काढेल, मी शेजारी बसेन पण कीबोर्डला हात लावणार नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मे महिन्याचा डेटा टेस्टवर टाकून तो तेच सगळं एकटा करेल. त्यानंतर रिव्हर्स केटी, म्हणजे तो मुलगा माझ्यासमोर सगळं समजावून सांगेल आणि ही गप्प बसून ऐकेल. मी ते पान तसंच वर पाठवलं. १६ नाही, पण २५ जुलै मिळाला.

आता तुमचा बेत. लॅपटॉप ठेवून निघालात तर कंपनी 'ॲब्स्कॉन्डिंग' लिहायला मोकळी. रिलीव्हिंग लेटर नाही, फुल अँड फायनल अडकलेलं, आणि नवी कंपनी जॉइन झाल्यावर तेच लेटर मागणार. 'कौटुंबिक कारण' खोटं असेल तर तेही उघडं पडतं, कारण नव्या कंपनीची पडताळणी करणारे जुन्या एचआरलाच फोन करतात.

खराडी_बायपास: एवढा निबंध कशाला? मुळात ९० दिवस बेकायदेशीर आहेत. कोणतंही कोर्ट कुणाला जबरदस्तीने कामावर बसवू शकत नाही. बायआउट हा आपला हक्क आहे. पैसे फेका आणि निघा.

जुनी_एचआर: तुमचं अर्धं बरोबर आहे. नोकरीचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही, १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचं कलम १४ त्यासाठीच आहे. पण म्हणून ९० दिवसांचा करार बेकायदेशीर ठरत नाही. कामावर बसवता आलं नाही तरी कंपनी भरपाई मागू शकते.

आणि बायआउट हक्क आहे का, ते तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमधल्या एका वाक्यावर ठरतं. 'दोन्हीपैकी कोणताही पक्ष नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार देऊन' असं असेल तर तुमची बाजू भक्कम. हिंजवडी, खराडीतल्या ज्या लेटर्सशी माझा संबंध आला, त्यांत पुढे बहुधा 'कंपनीच्या मर्जीनुसार' हे शब्द असायचे. ते असतील तर पैसे खिशात असूनही परवानगी लागते.

बेसिक की ग्रॉस, हेही तिथेच बघा. समजा ग्रॉस १ लाख, बेसिक ४० हजार आणि ४५ दिवस कमी पडताहेत. बेसिकवर ६० हजार जातात, ग्रॉसवर दीड लाख. शिल्लक रजेतल्या १२ नोटिशीत वळत्या करू दिल्या तर ३३ दिवस उरतात, म्हणजे बेसिकवर ४४ हजार आणि ग्रॉसवर १ लाख १० हजार. पण रजा वळती करणं हेसुद्धा पॉलिसीत असेल तरच, म्हणून ती मागणी पत्रातच घाला, मागाहून कोणी ऐकत नाही. आणखी एक, काही कंपन्या या वसुलीवर १८ टक्के जीएसटी लावायच्या. ३ ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरने ते थांबलं. आता कोणी लावला तर ते सर्क्युलर पुढे करा.

मेधा_कोथरूड: माझ्या मुलीलाही हाच त्रास झाला. खासगी शाळेत शिकवत होती, प्रोबेशनवर. डिसेंबरमध्ये लग्न ठरलं तर शाळा म्हणाली वर्ष संपेपर्यंत सोडता येणार नाही, मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली आहेत. तिनेही असा प्लॅन द्यायला हवा होता का?

जुनी_एचआर: मेधाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. प्रोबेशनची नोटीस सहसा कमी असते, ती नेमणूकपत्रात बघा. आणि मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवणं चूकच, आधी लेखी मागणी करून पोच घ्या. प्लॅनचं म्हणाल तर शाळेला एकच सांगायचं: कुठल्या इयत्तेचा किती अभ्यासक्रम झालाय आणि उत्तरपत्रिका तपासून कधी देणार.

भोसरीकर: सगळे नोकरदाराच्या बाजूने बोलताय. माझा भोसरीत छोटा कारखाना आहे, सीएनसीची मशीन आहेत. सेटर माणूस एक महिन्याची नोटीस देतो आणि दहाव्या दिवशी चाकणला रुजू होतो. फिक्स्चर कुठलं, ऑफसेट किती, सगळं त्याच्या डोक्यात. पहिले पीस रिजेक्ट जातात ते माझ्या खिशातून. त्यात तुमच्या आयटीवाल्यांनी नवीनच खूळ आणलंय: एक ऑफर हातात घेऊन नोटिशीच्या काळात आणखी चार ऑफर गोळा करायच्या. आमचा डिझाइनचा मुलगा जॉइनिंगच्या आदल्या रात्री फोन बंद करून बसला. त्याच्यासाठी कॅडचं लायसन्स घेऊन ठेवलं होतं मी!

खराडी_बायपास: मग ९० दिवस ठेवता कशाला? तीन महिने माणूस बाजारात उघडा असतो, रिक्रूटर रोज फोन करतात. ३० दिवस ठेवा, ऑफरचा बाजार आपोआप बसेल.

भोसरीकर: माझ्याकडे ३०च आहेत! तरी पळतात. तुमच्या पिढीला दिलेल्या शब्दाचं काही नाही.

खराडी_बायपास: पिढी काढू नका. गेल्या वर्षी एका कंपनीने माझी ऑफर जॉइनिंगच्या चार दिवस आधी रद्द केली, 'प्रोजेक्ट होल्डवर गेला' म्हणून. जुनीकडे राजीनामा मंजूर झालेला. दोन महिने ईएमआय मी बहिणीकडून घेऊन भरले. तेव्हा शब्द कुठे गेला होता? त्यानंतर मी दोन ऑफर हातात ठेवूनच निघतो, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

भोसरीकर: तुमच्याबाबतीत वाईट झालं, ते मान्य. पण त्याची वसुली माझ्यासारख्याकडून का? मी कुणाची ऑफर रद्द केलेली नाही.

वाकडकर: धागा ऑफरवर गेलाच आहे तर एक सांगतो, याचा पत्राशी थेट संबंध आहे. तारीख कमी करून मागितली की माझ्या मनात पहिली शंका हीच येते, की हा काउंटर ऑफर काढायला आलाय. म्हणून 'पगारवाढीवर चर्चा करायची इच्छा नाही' हे एक वाक्य लिहा आणि त्यावर ठाम राहा. नव्या कंपनीचं नाव मात्र पत्रात नको.

जुनी_एचआर: इथे मी सहमत नाही. त्या वाक्याने दार बंद होतं आणि काही मॅनेजर दुखावतात. हे तोंडी सांगावं, लेखी नको.

वाकडकर: तोंडी सांगितलेलं वर पाठवता येत नाही. मी लेखीच म्हणेन.

भोसरीकर: वाकडकर, त्या मुलीने दिलं तसं पान माझ्या सेटरने दिलं असतं, प्रत्येक जॉबचं फिक्स्चर आणि ऑफसेट लिहून, शेजारच्या पोराकडून एक सेटिंग करून घेऊन, तर मी त्याला दहाव्या दिवशी स्वतः सोडलं असतं. एवढं कबूल करतो.

हिंजवडी_फेज_२: बराच मार बसला. मला अजूनही वाटतं, की कंपनी एका दिवसात काढू शकते आणि आम्ही मात्र अर्ज करायचे, हे अन्यायाचंच आहे. पण काल लेटर उघडून पाहिलं, 'कंपनीच्या मर्जीनुसार' आहे आणि वसुली ग्रॉसवर. त्यामुळे प्लॅन लिहितोय. माझ्याकडे दोनच गोष्टी अशा आहेत: रिलीझच्या रात्रीचं डिप्लॉयमेंट आणि एक जुना पेमेंट मॉड्यूल, ज्याचं डॉक्युमेंट कोणी कधी लिहिलंच नाही. अडचण अशी, की टीममध्ये तो घ्यायला कोणीच नाही. नाव कुणाचं टाकू?

वाकडकर: नाव मनाने टाकू नका, त्या माणसाचा आणि माझ्यासारख्याचा दोघांचा गैरसमज होतो. राजीनाम्याआधी कुणाला विचारताही येत नाही. 'बदली व्यक्ती' लिहा, आणि तारखा ती नेमल्याच्या दिवसापासून मोजा: पहिल्या आठवड्यात डॉक्युमेंट, दुसऱ्यात ती बसून बघेल, तिसऱ्यात एक डिप्लॉयमेंट ती एकटी करेल. डॉक्युमेंट मात्र आजच सुरू करा, त्याला कुणाची गरज नाही. आणि व्यक्ती अमुक तारखेपर्यंत नेमावी अशी विनंती त्याच परिच्छेदात घाला, म्हणजे उशीर कुणामुळे झाला ते कागदावर राहील.

जुनी_एचआर: आणि गेल्यावर फोनवर मदत करीन असं भावनेच्या भरात लिहू नका. नव्या कंपनीच्या करारात दुसरीकडे काम करायला मनाई असते. फार तर एक महिनाअखेर, ठरलेला एक तास, फक्त तोंडी शंका. कोडला हात लावायचा नाही.

हिंजवडी_फेज_२: उत्तर किती दिवसांत मागू? मॅनेजर मेल दाबून बसतो.

जुनी_एचआर: सात दिवसांत लेखी कळवावं असं लिहा, मेल एचआरलाही मार्क करा आणि एक प्रत स्वतःच्या खासगी मेलवर ठेवा. लेखी होकार येईपर्यंत नव्या कंपनीला पक्की तारीख देऊ नका.

खराडी_बायपास: आणि सात दिवसांत उत्तर आलंच नाही तर?

वाकडकर: तर आठव्या दिवशी त्याच मेलवर स्मरणपत्र, आणि स्किप लेव्हलला कॉपी. तेवढ्याने हलले नाहीत तर मात्र बायआउटशिवाय माझ्याकडे दुसरा उपाय नाही.