डॅशबोर्डवर उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा, फोटो मात्र गळाला

मृण्मयी, मंगळवार, सकाळी ८:०५

नमस्कार मंडळी,

सोबत फोटो जोडला आहे. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर शनिवारपासून हा दिवा लागतो आहे. कसला आहे, कुणी सांगू शकेल का? गाडी २०१५ ची, तीन वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, त्यामुळे सोबत मॅन्युअल आलं नाही. येत्या शनिवारी सासूबाईंना घेऊन डुलुथला जायचं आहे. मिनिआपोलिसहून जवळजवळ दीडशे मैल आहे, आणि बरोबर म्हातारं माणूस असताना वाटेत अडकायला नको.

सुहास, मंगळवार, सकाळी ८:४०

मृण्मयी, आपल्या यादीवर जोडलेली चित्रं आपोआप काढून टाकली जातात. तुझा फोटो कुणालाच दिसलेला नाही. दिव्याचं वर्णन शब्दांत लिही.

मृण्मयी, मंगळवार, सकाळी ९:१५

अरे हो, लक्षातच आलं नाही. मधे उद्गारचिन्ह आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कंस असल्यासारखी वळलेली रेघ आहे. गाडी चालवताना काहीच वेगळं जाणवत नाही.

विनायक, मंगळवार, सकाळी ९:५०

गाडी हलवू नका! कंसातलं उद्गारचिन्ह म्हणजे ब्रेक. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही दिवा लागत असेल तर ब्रेक ऑइल कमी झालंय. बॉनेट उघडा. चालकाच्या बाजूला, मागच्या भिंतीलगत एक छोटी पांढुरकी टाकी दिसेल, तिच्यावर MIN आणि MAX अशा खुणा असतात. पुण्यात वडिलांच्या गाडीत हेच झालं होतं. आधी दिवा फक्त वळणावर क्षणभर लागायचा आणि सरळ रस्त्यावर विझायचा, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पॅड झिजत गेले तसं ऑइल खाली उतरत गेलं होतं, आणि वळणावर ते टाकीत एका बाजूला कलंडलं की दिवा लागायचा. तुम्ही ही जोखीम घेऊ नका.

शोभा, मंगळवार, सकाळी ११:२०

मृण्मयी, घाबरू नकोस गं. माझ्याही गाडीत गेल्या महिन्यात पिवळा दिवा लागला होता. गॅस भरल्यावर टोपण नीट बसलं नव्हतं, एवढंच. तीन वेळा टक-टक आवाज येईपर्यंत टोपण फिरव. दिवा लगेच जात नाही, माझा चार दिवसांनी गेला. डीलरकडे पळू नकोस.

अरविंद, मंगळवार, दुपारी १२:३५

मृण्मयी,

शोभाताई म्हणतात तो इंजिनाच्या आकृतीचा दिवा आहे, त्यात उद्गारचिन्ह नसतं. तो बाजूला ठेवू. विनायकने सांगितलेलं ब्रेकच्या दिव्याला लागू आहे, पण तुझा दिवा तोच आहे हे अजून ठरलेलं नाही. उद्गारचिन्ह चार-पाच दिव्यांत असतं: ब्रेक, टायरची हवा, पॉवर स्टिअरिंग, आणि नुसता त्रिकोण. फोटो नसला तरी तीन गोष्टी कळल्या की निवाडा करता येईल.

पहिली, रंग. लाल असेल तर विनायकचं ऐक आणि गाडी काढू नकोस. अमेरिकेत विकलेल्या गाडीत ब्रेकच्या लाल दिव्यावर BRAKE हा शब्दही लिहिलेला असावा लागतो. तो आहे का, बघ.

दुसरी, ती वळलेली रेघ. ती पूर्ण गोल आहे की वरून उघडी? आणि तळाशी कशी दिसते?

तिसरी माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. गाडी सुरू केल्यावर दिवा आधीपासून स्थिर असतो, की काही वेळ लुकलुकतो आणि मग स्थिर होतो? हे उद्या सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर बघ. सुरुवातीला दोन-तीन सेकंद सगळेच दिवे लागतात, ते धरू नकोस. शनिवारी पहिल्यांदा लागला तेव्हा गाडी कुठे होती, तेही आठवून लिही.

मृण्मयी, बुधवार, सकाळी ८:३०

अरविंदकाका, आज मुलाला शेजारी बसवून चित्र काढायला लावलं. रंग पिवळा आहे, BRAKE कुठेच नाही. आकार मडक्यासारखा आहे, वरून उघडा, आणि तळाला दाते. उद्गारचिन्ह मडक्याच्या आत आहे. आणि हो, तो लुकलुकतो! गराजमधून निघून आमच्या गल्लीचा कोपरा येईपर्यंत लुकलुकला, मग तसाच लागून राहिला. म्हणजे मिनिटभर तरी. शनिवारी आम्ही हायवेवर होतो, घरून निघून पंधराएक मिनिटं झाली असतील, तेव्हा अचानक लागला.

विनायक, बुधवार, सकाळी ९:१०

पिवळा असेल तर मी ब्रेकचं मागे घेतो. हा टायरमधल्या हवेचा दिवा आहे. थंडीत हवा कमी होते, गॅस स्टेशनवर जाऊन चारही टायर भरून घ्या, विझेल. काही गाड्यांत स्टिअरिंगच्या डावीकडे खाली रीसेटचं बटण असतं, ते दाबून धरा. ब्रेक ऑइल मात्र एकदा बघाच.

अरविंद, बुधवार, सकाळी १०:४५

विनायक, दिवा टायरचाच. ते मडकं म्हणजे टायरचा आडवा छेद आणि दाते म्हणजे रस्त्याला लागणारी नक्षी. पण हवा भरून हा विझणार नाही.

मी बावीस वर्षं गाड्यांच्या सेन्सरवर काम केलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. सप्टेंबर २००७ पासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये ही यंत्रणा सक्तीची आहे. एकच दिवा दोन वेगळे निरोप देतो. हवा खरोखर कमी असेल तर तो पहिल्यापासून स्थिर लागतो. यंत्रणेलाच टायरची खबर मिळत नसेल तर तो साठ ते नव्वद सेकंद लुकलुकतो, मग स्थिर होतो, आणि दर वेळी गाडी सुरू केली की पुन्हा तेच करतो. नंतरचं रूप दोन्हींचं सारखंच. म्हणून फोटो आला असता तरी मला हा प्रश्न विचारावाच लागला असता.

शनिवारची गोष्टही जुळते. सेन्सर चाकाच्या आत, व्हॉल्व्हला बसवलेला असतो. गाडी उभी असताना तो झोपतो, चाक फिरू लागलं की बोलतो. चाकं फिरताहेत आणि तरी निरोप येत नाही, हे ठरवायला गाडीला थोडा वेळ चालावं लागतं. कायद्याने ती मुदत जास्तीत जास्त वीस मिनिटांची आहे. तुझी पंधरा मिनिटं त्यात बसतात.

आता सांग, शनिवारच्या आधी चाकांना कुणी हात लावला होता का? दहा वर्षांच्या गाडीत सेन्सरची बॅटरी संपलेली असू शकते, पण मी आधी हेच विचारीन.

मृण्मयी, बुधवार, दुपारी १:२०

काका, लावला होता! शुक्रवारी संध्याकाळी ह्यांनी बर्फाचे टायर बसवले. ओळखीच्या एकांकडून रिमसकट सेट घेतला होता, काळ्या लोखंडी रिम. मूळची चाकं बेसमेंटमध्ये आहेत. हवा आमच्याच गराजमध्ये भरली, चारही ३३.

अरविंद, बुधवार, दुपारी १:५५

म्हणजे सेन्सर तुमच्या बेसमेंटमध्ये आहेत. लोखंडी रिमवर बहुतेक ते बसवलेलेच नसतात. दिवा बिघाडाचा नाही, पण त्याचा अर्थ असा की या चाकांतल्या हवेवर आत्ता कुणाचंच लक्ष नाही. एखादा टायर बसला तरी हा दिवा आत्ता जसा आहे तसाच दिसेल.

म्हणून गेज घेऊन मोज. गाडी रात्रभर बाहेर उभी कर आणि सकाळी चालवण्याआधी मोज, कारण चालवल्यावर टायर तापून आकडा फुगतो. किती हवी ते चालकाचं दार उघडल्यावर खांबावरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो घेऊ नकोस. गराज गरम होतं का?

मृण्मयी, गुरुवार, सकाळी ७:४५

गराज साधारण ६० फॅरनहाइट असतं. आज बाहेर १० होतं. स्टिकर ३३ सांगतो. मोजलं तर तीन टायर २८, आणि पुढचा डावा २४. स्थिर उभी असताना बघून काहीच कळत नव्हतं.

अरविंद, गुरुवार, सकाळी ८:३०

दर दहा अंश फॅरनहाइटला साधारण एक पीएसआय जातो. साठवरून दहावर म्हणजे पाच गेले, ३३ चे २८ झाले. ते तीन टायर ठीक आहेत, फक्त थंडीत भरून ३३ करा. डाव्याचे जास्तीचे चार मात्र थंडीने नेलेले नाहीत. सहा दिवसांत कुठून तरी गळताहेत. स्टिकरच्या चतुर्थांशाने खाली, म्हणजे पावणेपंचवीसच्या खाली गेलं की या यंत्रणेने दिवा लावायचा असतो. मूळची चाकं असती तर आज तो पहिल्यापासून स्थिर लागला असता.

स्प्रेच्या बाटलीत भांड्याचा साबण आणि पाणी घेऊन आधी व्हॉल्व्हवर मार, मग रिम आणि टायर जिथे भेटतात त्या कडेवर. पण गराजमध्ये, बाहेर गोठेल.

प्रसाद, गुरुवार, सकाळी १०:००

मी विनिपेगहून. इथे ही यंत्रणा कायद्याने सक्तीची नाही, आणि बरेच जण हिवाळाभर दिवा लागलेला ठेवूनच चालवतात. पाच महिन्यांच्या चाकांसाठी सेन्सर घ्यायची गरज मला वाटत नाही. गेज ठेवा आणि दर रविवारी मोजा.

अरविंद, गुरुवार, सकाळी १०:२०

प्रसाद, दर रविवारी मोजणारा माणूस असेल तर हरकत नाही. पण हायवेवर टायर हळूहळू बसू लागला तर रविवार दूर असतो. मी त्या रिमवर सेन्सर बसवून घेईन.

शोभा, गुरुवार, दुपारी १२:१०

मृण्मयी, गॅसचं टोपण तरी बघितलंस का?

मृण्मयी, गुरुवार, संध्याकाळी ६:४०

शोभाताई, बघितलं, घट्ट आहे. विनायक, ब्रेक ऑइल दोन खुणांच्या मधे आहे.

काका, व्हॉल्व्हवर काही नाही. पण डाव्या चाकाच्या रिमला एका जागी गंज आहे आणि तिथेच कडेने बारीक बुडबुडे सतत येताहेत. उद्या साडेआठला टायरवाल्याकडे वेळ मिळाली आहे. सेन्सरबद्दल आमचं अजून ठरलेलं नाही, ह्यांना प्रसादचं पटतंय. गळती उद्या निघाली नाही तर शनिवारसाठी मूळची चाकं परत चढवावीत का? डुलुथला बर्फ सांगितलाय.

अरविंद, गुरुवार, संध्याकाळी ७:०५

बर्फ असेल तर मूळची चढवू नका. टायरवाला टायर उतरवून रिमची कड घासेल आणि सीलर लावून परत बसवेल. बहुधा तेवढ्याने भागतं. पण गंजाने लोखंड खाल्लं असेल तर ती रिमच बदलावी लागेल, आणि ते टायर उतरवल्याशिवाय त्यालाही दिसणार नाही. दुरुस्तीनंतर उद्या रात्री आणि शनिवारी पहाटे, दोन्ही वेळा बाहेरच्या थंडीत मोज. दोन्ही आकडे सारखे आले तर निघा. एकाचाही फरक आला तर मला फोन कर, माझी गाडी शनिवारी घरीच आहे.