बिलिबिलीवरच्या ताई-चीच्या व्हिडिओवर अक्षरं धावतात, ती कशी घालवायची?

वैशाली:
नमस्कार मंडळी. सासूबाई इथल्या बागेतल्या ग्रुपबरोबर २४ आसनांची ताई-ची शिकतायत. तिथल्या बाईंनी घरी सरावासाठी बिलिबिली या चिनी व्हिडिओ साइटची लिंक दिली आहे. लॅपटॉपवर लावलं की उजवीकडून डावीकडे चिनी अक्षरांच्या ओळी धावत सुटतात आणि शिकवणाऱ्याचे हात दिसतच नाहीत. शिवाय वेगही कमी करायचा आहे. चिनी आम्हा दोघींनाही येत नाही. कुणी वापरलंय का?

केतन:
वैशालीताई, ही सबटायटल्स आहेत. कीबोर्डवर C दाबा, जातील. वेगासाठी Shift धरून स्वल्पविराम. मी यूट्यूबवर रोज हेच करतो.

मृणाल:
केतन, तुझ्या कळा यूट्यूबच्या आहेत. वैशालीताई, धावणाऱ्या ओळी म्हणजे प्रेक्षकांनी लिहिलेल्या कॉमेंट्स. त्या व्हिडिओच्या ठरावीक क्षणाला बांधलेल्या असतात, म्हणून तिथे पोचलं की पुन्हा येतात. सरावाच्या व्हिडिओवर बऱ्याचदा 打卡 दिसेल, म्हणजे "आजची हजेरी लावली". वाचलं नाही तरी काही बिघडत नाही.

व्हिडिओच्या खाली कॉमेंट लिहायची पट्टी आहे. तिच्या डाव्या टोकाला 弹 असं अक्षर असलेलं बटण आहे, त्यावर एकदा क्लिक करा. कीबोर्डवर D दाबूनही तेच होतं. शेजारच्या बटणात 弹幕设置, म्हणजे या कॉमेंट्सची सेटिंग्ज, उघडतात. सगळ्या कॉमेंट्स घालवायच्या नसतील तर तिथे 显示区域, म्हणजे कॉमेंट्स दिसायची जागा, समोर पाव भाग निवडा. मग त्या वरच्या पाव भागातच धावतात आणि पाय मोकळे दिसतात.

सबटायटल्सचं बटण वेगळं, 字幕. ते प्लेअरच्या खालच्या पट्टीत उजवीकडे असतं, पण काही व्हिडिओंना नसतंच. आणि खाली 野马分鬃 किंवा 白鹤亮翅 अशी आसनांची नावं येत असतील, तर ती व्हिडिओ बनवतानाच चित्रात टाकलेली असतात. ती कुठल्याच बटणाने जात नाहीत. ब्राउझरचं भाषांतरही त्यांना हात लावत नाही, ते फक्त आजूबाजूच्या पानाचं होतं. पण नावं राहू द्या. बागेत बाई तीच नावं पुकारतात, त्यामुळे कुठवर आलोय ते कळतं.

वेगाचं बटण त्याच पट्टीत, 倍速. त्यात 0.5x, 0.75x, 1.25x असे आकडेच असतात, त्यामुळे चिनी न येणाऱ्यालाही जमतं.

सुहास काका:
मी गेली काही वर्षं गुडघ्यासाठी चालतो, ताई-ची करत नाही. पण वहिनींना 0.5x वरच करू द्या. जितकं सावकाश तितका गुडघ्याला आराम, हे सरळ आहे.

मृणाल:
काका, इथे उलटं होतं. ही २४ आसनं १९५६ साली चीनच्या क्रीडा आयोगाने बसवली, आणि मूळ चालच संथ आहे. साधारण ६ मिनिटांचा व्हिडिओ 0.5x वर १२ मिनिटांचा होतो. मध्ये 右蹬脚 येतं, एका पायावर उभं राहून उजव्या टाचेने लाथ. त्या वेगाने बरोबरीने करायचं म्हणजे एका पायावर दुप्पट वेळ उभं राहायचं. सगळा भार एकाच गुडघ्यावर आणि तोल जायची भीती.

म्हणून 0.5x फक्त बसून बघायला. 云手 या आसनात हात वर-खाली फिरत असताना पाय कधी जवळ येतो ते तिथे नीट दिसतं. करताना 1.0x, फार तर 0.75x. 0.75x वर तेच ६ मिनिटांचं ८ होतं, आणि शिकवणाऱ्याचा आवाजही समजण्यासारखा राहतो. 0.5x वर तो तुटक होतो. शिकवणारा पाठमोरा असलेला व्हिडिओ मिळाला तर डावं-उजवं उलटं करावं लागत नाही. शोधताना 24式太极拳 背面 असं टाका.

वैशाली:
मृणाल, खूप आभार! 弹 वर क्लिक केलं आणि पडदा साफ झाला. D ने मात्र काही होत नाही, खालच्या पट्टीत d हे अक्षर उमटतं.

मृणाल:
कर्सर कॉमेंटच्या चौकटीत अडकलाय. चौकटीबाहेर रिकाम्या जागेवर क्लिक करा, मग D दाबा. व्हिडिओवर क्लिक केलंत तर तो थांबेल, तेव्हा स्पेसबारने पुन्हा सुरू करा.

केतन:
फोनवरून टीव्हीवर टाकलं तर कॉमेंट्स परत येतात का? आमच्याकडे आल्या होत्या.

वैशाली:
आम्हालाही शेवटी टीव्हीवरच लावायचं आहे, सासूबाईंना लॅपटॉप लहान पडतो. टीव्हीवरचं बटण कुणाला सापडलं असेल तर कळवा.