हब-रिंग हा निव्वळ दुकानदारीचा प्रकार आहे का? (आणि 5 मिमी स्पेसर)

मुक्तवाट:
माझ्या गाडीच्या हबचा व्यास 60.1 मिमी आहे आणि नव्या अलॉय रिमचा बोअर 73.1. मधली फट भरणाऱ्या रिंगा न घालता चाके बसवली, कारण नट कोनाचे आहेत आणि कोनाचा नट चाकाला आपोआप मध्यावर आणतो. मग रिंग हवी कशाला? आतल्या बाजूने रिम सस्पेन्शनच्या स्ट्रटला घासत होती म्हणून पुढे 5 मिमीचे साधे स्पेसर टाकले आहेत. नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थोडे थरथरते, पण तो बॅलन्सिंगचा दोष आहे. रिंगांच्या नावाखाली लोकांना घाबरवून पैसे काढणे आता थांबायला हवे.

आटेमोजणी:
मुक्तवाट साहेब, हे वाचून नवख्या माणसाने स्पेसर टाकले तर काय होईल या काळजीने सविस्तर लिहितो आहे.

कोनाचा नट चाक मध्यावर आणतो हे खरे आहे, परंतु चाक हवेत असताना, सगळे नट हाताने टेकवून, समोरासमोरचे नट आळीपाळीने आणि टप्प्याटप्प्याने आवळले तरच. पहिलाच नट गनने करकचून आवळला की चाक त्या बाजूला ओढले जाते, हबच्या आणि रिमच्या पृष्ठांमधले घर्षण त्याला तिथेच पकडून ठेवते आणि पुढचे नट ते सरकवू शकत नाहीत. रिंग असेल तर पहिला नट लागण्यापूर्वीच चाक मध्यावर असते. तिचे काम एवढेच आहे.

आता तुमच्या बॅलन्सिंगकडे येऊ. बॅलन्सिंगचे यंत्र चाकाला बोअरमधून शंकूने पकडते, म्हणजे वजने लावली जातात ती बोअरच्या मध्याच्या हिशोबाने. गाडीवर मात्र तुमचे चाक नट ठरवतील त्या मध्याभोवती फिरते. टायरसह चाक 18 किलोचे धरा आणि दोन मध्यांत फक्त 0.3 मिमीचा फरक धरा: 18,000 ग्रॅम गुणिले 0.3, म्हणजे 5,400 ग्रॅम-मिलिमीटरचा असमतोल. सोळा इंची रिमची त्रिज्या सुमारे 200 मिमी असते, तेव्हा हा फरक कडेवर 27 ग्रॅमचे वजन चुकीच्या जागी लावल्यासारखा झाला. यंत्रावर शून्य दाखवणारे चाक गाडीवर थरथरते ते यामुळे, आणि पुन्हा यंत्रावर चढवले की पुन्हा शून्यच दिसते.

शिवाय मध्य सरकला की चाक गोल असूनही उंचसखल फिरते. टायरचा ताठरपणा साधारण 200 न्यूटन प्रति मिलिमीटर धरला, तर 0.3 मिमीमुळे दर फेऱ्यात जवळजवळ 60 न्यूटनचा चढ आणि तितकाच उतार होतो. तो कोणत्याही वजनाने जात नाही.

लोखंडी_हात:
आटेमोजणी यांचे बॅलन्सिंगचे म्हणणे मान्य आहे, पण मुख्य मुद्दा त्यांनी सोडून दिला. गाडीचा भार हबच्या कॉलरवर, म्हणजे रिमच्या बोअरमध्ये शिरणाऱ्या गोल उंचवट्यावर असतो. रिंग नसेल तर तो सगळा भार स्टडवर येतो आणि स्टड तुटतात. म्हणूनच रिंग अ‍ॅल्युमिनियमचीच हवी. प्लॅस्टिकच्या रिंगांवर माणसांनी भरलेली गाडी उभी करणे हा निष्काळजीपणा आहे. माझ्या वर्कशॉपमध्ये चुरा झालेल्या प्लॅस्टिकच्या रिंगा मी स्वतः काढल्या आहेत.

आटेमोजणी:
चुरा झालेल्या रिंगा तुम्ही काढल्या असतील, यावर माझा विश्वास आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. आवळलेल्या चाकाचा भार ना कॉलरवर असतो ना स्टडच्या अंगावर. तो हब आणि रिम यांच्या दाबलेल्या पृष्ठांमधले घर्षण उचलते. एम-12 चा नट 105 न्यूटन-मीटरला आवळला की कोरड्या आट्यांवर ढोबळमानाने 40 किलोन्यूटनची पकड मिळते. पाच नटांची मिळून 200 झाली. घर्षणांक 0.15 इतका कमी धरला तरी चाक सरकवायला 30 किलोन्यूटन लागतील, आणि एका चाकावरचा उभा भार असतो सुमारे 4. खड्ड्यात आदळताना तो काही पट झाला तरी पकड पुरते. रिंगवर खरोखरच भार आला असेल, तर नट ढिले आहेत असे समजावे.

लोखंडी_हात:
कागदावर आकडेमोड करणे सोपे असते. प्रत्यक्षात कोणी टॉर्क रेंच वापरत नाही, हबच्या पृष्ठावर गंज असतो, रिमच्या मागे रंगाचा जाड थर असतो. तो थर दबला की तुमचे ते 40 किलोन्यूटन कुठे उरतात? अशा वेळी धातूची रिंग निदान चाक धरून तरी ठेवते.

आटेमोजणी:
गंज आणि रंगाचे तुमचे म्हणणे पूर्ण बरोबर आहे, आणि म्हणूनच हबचे पृष्ठ तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासावे आणि नवे चाक बसवल्यावर पहिल्या 80 ते 100 किलोमीटरनंतर टॉर्क पुन्हा तपासावा. पण ढिल्या चाकाला धातूची रिंग वाचवेल हे समाधान धोकादायक आहे. ती फक्त लक्षण उशिरा दाखवेल. धातूच्या रिंगेचा दोषही सांगायला हवा. ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम आणि पोलादी हब एकमेकांना असे धरतात की पंक्चरच्या वेळी चाक निघत नाही. हबवर हलका ग्रीस लावला तर ते टळते, मात्र तो बसणाऱ्या सपाट पृष्ठावर आणि आट्यांवर लागता कामा नये.

लोखंडी_हात:
अडकलेली रिंग छिन्नीने काढावी लागते, हे मी नाकारत नाही. तरीही सतत कडक ब्रेक वापरणाऱ्या गाडीला मी प्लॅस्टिक लावणार नाही, कारण तिथे हब इतका तापतो की रिंग मऊ पडते. माझे मत यापुढे बदलणार नाही.

आटेमोजणी:
कडक ब्रेकच्या गाडीसाठी मीही धातूच सुचवेन. रोजच्या गाडीबाबत आपले एकमत होणार नाही, असे दिसते.

मेघना_चालक:
माझ्या गाडीलाही थरथर आहे, पण ती फक्त ब्रेक दाबल्यावर येते आणि पाय काढला की थांबते. मी रिंगा घेऊन ठेवल्या आहेत, उद्या बसवणार आहे. त्या बसवल्यावर हा प्रश्न सुटेल ना?

आटेमोजणी:
मेघनाताई, रिंगांनी तो सुटण्याची शक्यता फार कमी आहे. ब्रेकवरच येणारी थरथर बहुधा डिस्कची जाडी एकसारखी नसल्यामुळे असते. मध्य चुकलेले चाक ब्रेक न लावताही थरथरते आणि विशिष्ट वेगाला ती वाढते. नट असमान आवळल्यामुळेही डिस्क हळूहळू वाकडी धावू लागते, म्हणून चाके काढणारच असाल तर टॉर्क रेंचने आवळून घ्या आणि डिस्कची जाडी मोजून घ्या.

मुक्तवाट:
चर्चा प्लॅस्टिकपर्यंत गेली, पण माझ्या स्पेसरबद्दल कोणी बोलत नाही. तुमचा 27 ग्रॅमचा हिशोब मी करून पाहिला, तो जुळतो. मात्र 0.3 मिमी हा आकडा तुम्ही गृहीत धरला आहे. माझ्या गाडीवर तेवढा फरक आहे याचा पुरावा काय?

आटेमोजणी:
रास्त प्रश्न आहे, मोजून पाहा. चाक जॅकवर घेऊन रिमच्या आतल्या कडेला, जिथे टायर बसतो तिथे, डायल गेज टेकवा, हळूहळू फिरवा आणि सर्वात उंच जागी रिमवर खडूने खूण करा. त्याच जागेसमोरच्या स्टडवरही खूण करा. मग नट सोडून चाक एक स्टड पुढे सरकवून बसवा आणि पुन्हा मोजा. उंच जागा रिमवरच्या खुणेपाशीच राहिली तर रिम वाकलेली आहे. ती स्टडच्या खुणेपाशी राहिली तर हबमध्ये दोष आहे. दर वेळी भलतीकडेच आली, तर चाक दर वेळी निराळ्या मध्यावर बसते आहे आणि तिथे रिंगच हवी. ढोबळ बॅलन्सिंगचा वाद या मोजणीत येतच नाही.

आता स्पेसर. तुमच्या हबची कॉलर किती उंच आहे ते मोजा. समजा ती 9 मिमी आहे. टोकाचे 2 मिमी तिरके घासलेले असतात, म्हणजे सरळ भाग 7. तुमच्या स्पेसरने त्यातले 5 खाल्ले, उरले 2. आणि रिंगेच्या आतल्या कडेलाही साधारण तेवढाच उतार असतो. म्हणजे आज रिंग घातली तरी ती कशालाच धरणार नाही. रिंगेने काही फरक पडत नाही, असे लोकांना वाटते त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते.

दुसरी गोष्ट आट्यांची, आणि ही थरथरीपेक्षा गंभीर आहे. चाकाच्या एम-12 स्टडला बहुधा 1.5 मिमीचा आटा असतो. पोलादी स्टडवर नट निदान स्टडच्या व्यासाइतका, म्हणजे 12 मिमी, आठ फेरे शिरायला हवा. 5 मिमीच्या स्पेसरने तुमचे तीनहून जास्त फेरे गेले. नट हाताने टेकवा आणि आवळेपर्यंत पूर्ण फेरे मोजा.

रात्रपाळी:
आता तरी कोणीतरी स्पष्ट सांगा की स्पेसर नकोतच. माझ्या भावाच्या गाडीचे मागचे चाक चालत्या गाडीतून सुटले, त्यामागे 20 मिमीचे बोल्टवाले स्पेसर होते. आतले नट ढिले झाले होते आणि ते बाहेरून दिसत नव्हते. अशा गोष्टीला कोणत्याही अटीवर मान्यता देणे मला पटत नाही.

आटेमोजणी:
तुमचा राग समजतो, आणि आतले नट दिसत नाहीत हा या प्रकाराचा खरा दोष आहे. ते तपासायला दर वेळी चाक काढावे लागते. तरीही मी त्यांना सरसकट वाईट म्हणणार नाही. दोन्ही बाजूंना नेमक्या व्यासाची कॉलर असलेला, मूळ स्टड ज्याच्या पृष्ठाबाहेर येत नाहीत किंवा रिमच्या मागे त्यांच्यासाठी खोबणी आहे असा, टॉर्कने आवळलेला आणि 100 किलोमीटरनंतर आतून पुन्हा तपासलेला 20 मिमीचा स्पेसर मला कॉलर खाणाऱ्या 5 मिमीच्या चकतीपेक्षा बरा वाटतो. त्याने चाक 20 मिमी बाहेर येते, म्हणजे ऑफसेट समजा 45 वरून 25 झाल्याने बेअरिंगवर भार वाढतो, पण 25 ऑफसेटची रिम लावली तरी तेवढाच वाढतो.

रात्रपाळी:
तपासणारे किती जण असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मला हे मान्य नाही.

मुक्तवाट:
फेरे मोजले. पुढच्या दोन्ही चाकांवर सहाच्या आसपास आले. रिंगांबद्दल माझे मत लगेच बदलणार नाही, आधी डायल गेज आणून मोजेन. पण स्पेसर आजच काढतो आहे, आणि रिम घासते म्हणून जुनी चाके परत चढवतो. पुढे स्पेसर घालायचेच झाले तर लांब स्टड दाबून बसवले की पुरेल का?

आटेमोजणी:
आट्यांपुरते पुरेल, पण तुमचे नट बंद टोकाचे असतील तर आधी एक गोष्ट पाहा. लांब स्टडचे टोक नटाच्या बुडाला टेकले, तर रेंचवर टॉर्क पूर्ण दिसतो आणि चाक मात्र दाबलेच जात नाही. लांब स्टड घेताना आरपार उघडे नट घ्या. कॉलरचा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी हबवर बसणारा आणि स्वतःची कॉलर असलेला स्पेसर लागेल, आणि 5 मिमीच्या जाडीत तशी कॉलर नीट बसत नाही, साधारण 12 ते 15 मिमीपासून पुढे मिळते. तुमच्या स्ट्रटपाशी नेमकी किती जागा कमी पडते, ते मोजून कळवा.