मदत हवी आहे: बचत खात्यावर तीन महिन्यांचं व्याज फक्त 371 रुपये कसं?

कागलची_सून

नमस्कार मंडळी. सासऱ्यांचं, म्हणजे आबांचं, बचत खातं कोल्हापुरातल्या एका बँकेत आहे. जानेवारीत जुना ट्रॅक्टर विकला, त्याचे 2,40,000 खात्यावर आले. 31 मार्चला व्याज जमा झालं 371 रुपये. आबांचा हिशेब असा की अडीच टक्क्याने वर्षाचे 6,000 होतात, म्हणजे तीन महिन्यांचे 1,500 तरी यायला हवेत. बँकेत विचारलं तर "सिस्टीम काढते" एवढंच सांगितलं. पासबुकातल्या नोंदी देते:

1 जानेवारीला शिल्लक 6,000. 9 जानेवारीला 2,40,000 जमा. 20 जानेवारीला दोन म्हशी घेतल्या, 1,90,000 गेले. 2 मार्चला 20,000 काढले. मधे दुसरं काही नाही. 31 मार्चला 36,000 होते, त्यात हे 371 पडले.

हिशेब कसा लावायचा ते कुणी सांगेल का? आबांना कागदावर मांडून दाखवायचा आहे, नुसत्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

पन्हाळकर

ताई, व्याज पूर्ण शिलकेवर मिळत नसतं. महिन्याच्या 10 तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत खात्यात कमीत कमी जेवढी रक्कम राहिली, तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज. 20 तारखेला पैसे काढलेत ना, मग जानेवारीला 56,000 च धरले असणार. म्हशी फेब्रुवारीत घेतल्या असत्या तर फायदा झाला असता.

निवृत्त_लेजर_क्लार्क

पन्हाळकर, हा नियम खरा होता, पण बँकांसाठी तो 1 एप्रिल 2010 पासून गेला. तेव्हापासून रोजच्या शिलकेवर व्याज आहे. 10 तारखेचा नियम आज पोस्टाच्या बचत खात्याला लागू आहे, आणि तिथे व्याज वर्षातून एकदाच, 31 मार्चला जमा होतं. ताईंच्या खात्याला तुमच्या पद्धतीने जानेवारीचे 56,000, फेब्रुवारीचे 56,000 आणि मार्चचे 36,000 धरले तर अडीच टक्क्याने 308 रुपये येतात. आलेत 371. म्हणजे बँकेने तो नियम लावलेलाच नाही.

ताई, आबांना असं मांडून दाखवा. दिवसाचं काम संपल्यावर खात्यात उरते ती त्या दिवसाची शिलकी. रविवार, सुट्टी सगळे दिवस धरायचे. एकच शिलकी जितके दिवस राहिली, तितक्याने तिला गुणायचं. आम्ही याला प्रॉडक्ट म्हणायचो.

1 ते 8 जानेवारी: 8 दिवस × 6,000 = 48,000
9 ते 19 जानेवारी: 11 दिवस × 2,46,000 = 27,06,000
20 जानेवारी ते 1 मार्च: 41 दिवस × 56,000 = 22,96,000
2 ते 31 मार्च: 30 दिवस × 36,000 = 10,80,000

दिवसांची बेरीज 90 आली पाहिजे, ती आधी तपासा. प्रॉडक्टची बेरीज 61,30,000. तिला अडीचने गुणून 36,500 ने भागा. 419.86 येतात, म्हणजे 420 रुपये.

आबांच्या हिशेबात गफलत इथे आहे: ट्रॅक्टरचे पूर्ण पैसे खात्यात फक्त 11 दिवस होते, त्यांनी ते तीन महिने धरले.

पण 420 आणि 371 मधे 49 रुपयांचा फरक राहतोच, आणि तो मला खटकतोय. दोन गोष्टी सांगा. एक लाखाच्या वरच्या शिलकेला बँका वेगळा दर लावू शकतात, तुमच्या बँकेत तसं आहे का? आणि ते 2,40,000 कशाने आले, ऑनलाइन की चेकने?

गांधीनगर_कापडवाला

माझंही हेच रडगाणं आहे. दुकानाचे पैसे मी बचत खात्यावरच घेतो. रोज लाख-दीड लाख जमा होतात, संध्याकाळी व्यापाऱ्याला पाठवतो. महिन्याला एवढी मोठी उलाढाल आणि व्याज येतं चहापाण्यापुरतं. माझ्याकडून टीडीएस कापत असतील काय?

निवृत्त_लेजर_क्लार्क

भाऊ, बचत खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस कापत नाही, तो मुदत ठेवीवर कापतात. तुमचे पैसे सकाळी येऊन संध्याकाळी जातात, दिवस बंद होताना उरतात चार-पाच हजार. व्याज त्यावरच बसणार, दिवसभरात किती फिरले ते कुणी मोजत नाही. आणि धंद्याची उलाढाल चालू खात्यावर करा. बचत खातं त्यासाठी नाही, बँक कधीतरी हरकत घेईल.

कागलची_सून

काका, खूप आभार. आबांनी स्वतः गुणाकार करून बघितला, 1,500 चा हट्ट सोडला. दर सगळ्या रकमेला अडीचच आहे, बोर्डावर तसंच लिहिलंय. पैसे चेकने आले, घेणाऱ्याचं खातं दुसऱ्या बँकेत आहे. चेक शुक्रवारी 9 तारखेला भरला, पासबुकात नोंद त्याच दिवसाची आहे.

निवृत्त_लेजर_क्लार्क

मग गाठ सापडली असं वाटतंय. 2,40,000 वर अडीच टक्क्याने एका दिवसाचं व्याज 16 रुपये 44 पैसे. तुमचा फरक 49, म्हणजे बरोबर तीन दिवस. 9 ला शुक्रवार, 10 ला दुसरा शनिवार, 11 ला रविवार. चेक सोमवारी 12 ला वटला असणार. पासबुकात भरल्याची तारीख दिसते, पण व्याज पैसे प्रत्यक्ष आल्यापासून धरतात. तीन दिवसांचे 7,20,000 प्रॉडक्टमधून वजा केले की 54,10,000 राहतात, त्याचे 370.55, म्हणजे तुमचे 371.

तरी हा माझा अंदाज आहे. शाखेतून खातेउतारा काढा, पासबुक नको. उताऱ्यात बहुधा तारखेचे दोन रकाने असतात. दुसऱ्यावर Value Date लिहिलेलं असतं, तिथे 12 जानेवारी आहे का बघा.

राजारामपुरी_रहिवासी

इथे एक विचारू का? माझ्या स्टेट बँकेच्या खात्यावर 25 मार्चलाच व्याज आलं, यांना 31 ला. मग माझे शेवटचे सहा दिवस बुडाले काय?

निवृत्त_लेजर_क्लार्क

बुडत नाहीत. व्याज किमान दर तिमाहीला जमा करायचं एवढं बंधन आहे, तारीख बँक ठरवते. स्टेट बँकेची जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चची 25 आहे. राहिलेले दिवस जूनच्या व्याजात येतात. म्हणून हिशेब तपासताना मागच्या जमेपासून या जमेपर्यंतचे दिवस धरायचे, जानेवारी ते मार्च असं सरसकट धरलं तर आकडा कधीच जुळत नाही.

कागलची_सून

काका, उतारा मिळाला. दुसऱ्या रकान्यात 12 जानेवारीच आहे, तुम्ही म्हणालात तसंच. पण एक सांगते, आबांनी चेक सकाळी साडेदहाला भरला होता, पावतीच्या शिक्क्यावर तारीख आहे, वेळ नाही. आता चेक त्याच दिवशी वटतात ना?

पन्हाळकर

हो, मागच्या ऑक्टोबरपासून सकाळी भरलेला चेक त्याच दिवशी वटायला हवा. शाखेने तो दुपारनंतर पुढे पाठवला असणार. 49 रुपये मागा ताई, सोडू नका.

निवृत्त_लेजर_क्लार्क

मागायला हरकत नाही. प्रत्येक बँकेचं चेक वसुलीचं धोरण असतं. चेक किती वाजेपर्यंत घेतला तर त्याच दिवशी जातो आणि उशीर झाला तर व्याज कसं देतात, ते त्यात लिहिलेलं असतं. शाखेत ते मागा आणि पावती जोडून लेखी अर्ज द्या. अडचण तुम्हीच सांगितलीत, शिक्क्यावर वेळ नाही. तो चेक किती वाजता स्कॅन झाला ते बँकेकडे असतं, अर्जात तेवढंच विचारा. देतील की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही.

कागलची_सून

सोमवारी आबांना घेऊन जाते. काय म्हणाले ते इथेच लिहीन.