गर्भनिरोधक गोळ्या, उदास मन आणि मंदावलेली कामेच्छा : अनुभव धागा

शेवंती (धागाकर्ती) : मी 31 वर्षांची, एका मुलीची आई. 0.15 मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि 0.03 मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्राडिओल असलेली गोळी सुरू केल्यानंतर दुसऱ्या पाकिटापासून सकाळी उठताच रडू येऊ लागले आणि पतीचा स्पर्शही नकोसा झाला. दवाखान्यात “मनाचे खेळ आहेत” असे ऐकून मी परतले. त्यानंतर रोज रात्री झोपण्यापूर्वी मन आणि इच्छा यांना दहापैकी स्वतंत्र गुण देऊ लागले. झोपेचे तास आणि त्या दिवशीचे भांडण किंवा आजारपणही बाजूला लिहिले. तीन पाकिटांच्या नोंदींत हार्मोनच्या 21 दिवसांत मन बहुधा चारवर राहिले, लोहाच्या सात गोळ्यांच्या शेवटी सहावर आले आणि नवे पाकीट उघडल्यावर पुन्हा उतरले. इच्छा मात्र दोन्ही काळांत दोनवरच होती. आपले अनुभव, गोळीतील घटकांसह, कृपया सविस्तर लिहावेत.

मृण्मयी_सांगली : माझा अनुभव उलटा आहे. पाळीपूर्वीच्या आठ-दहा दिवसांत मला जगणे नकोसे वाटत असे. ड्रॉस्पिरेनोनची, 24 दिवस हार्मोन आणि चार दिवस खंड अशी गोळी मिळाल्यावर तिसऱ्या महिन्यापासून ते दिवस निभावू लागले. त्यामुळे गोळीला सरसकट दोष देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

अबोली : गोळीने टेस्टोस्टेरॉन कमी होते, हे सिद्ध झालेले आहे. रक्ततपासणी करून ते भरून काढले की इच्छा परत येते. तसेच दरवर्षी दोन महिने गोळी थांबवून शरीराला विश्रांती द्यावी.

डॉ. निशिगंधा (स्त्रीरोगतज्ज्ञ) : अबोलीताई, तुमच्या म्हणण्याचा पहिला भाग खरा आहे. गोळीमुळे यकृत एक प्रथिन अधिक तयार करते, ते टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवते आणि मोकळे टेस्टोस्टेरॉन घटते. पण ही घट जवळजवळ प्रत्येकीत होते, इच्छा मात्र थोड्याच जणींची कमी होते. म्हणून त्या आकड्यावरून कारण ठरत नाही. विश्रांतीच्या महिन्यांचा लाभ नाही, उलट त्याच काळात नको असलेली गर्भधारणा होते.

शेवंतीताई, तुमच्याच घटकांच्या गोळीची स्वीडनमध्ये 340 निरोगी तरुणींवर चाचणी झाली. निम्म्यांना तीन महिने ही गोळी आणि निम्म्यांना औषध नसलेली गोळी दिली होती; कोणती मिळाली हे त्यांना ठाऊक नव्हते. खऱ्या गोळीच्या गटात स्वास्थ्य आणि कामेच्छा किंचित खालावली, नैराश्याची लक्षणे मात्र सरासरीत वाढली नाहीत. शासकीय केंद्रांतील माला-एनमध्येही हेच घटक असल्याने तो निष्कर्ष आपल्यालाही लागू पडतो. सरासरीत फरक लहान असला, तरी एखादीला तो मोठा जाणवू शकतो, हे माझ्या व्यवसायबंधूंनी मान्य करायला हवे.

डेन्मार्कमध्ये दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींत हार्मोनल साधने न वापरणाऱ्या शंभरांपैकी वर्षाला सुमारे 1.7 जणींनी नैराश्याचे औषध प्रथमच सुरू केले, वापरणाऱ्यांत 2.2 जणींनी. किशोरींमध्ये हा फरक अधिक होता. मात्र गोळी सुरू होते तेव्हा अनेकींच्या आयुष्यात नवे नातेही सुरू होत असते, त्यामुळे सारा फरक गोळीचाच, असे त्यावरून म्हणता येत नाही.

ओवी : गणपतीसाठी पाळी पुढे ढकलायला पाच दिवस गोळ्या घेतल्या आणि फार चिडचिड झाली. माझेही हेच असेल का?

डॉ. निशिगंधा : ओवीताई, ती गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची असते. तिची मात्रा आणि हेतू दोन्ही वेगळे आहेत, म्हणून इथले आकडे तिला लावू नयेत.

शेवंतीताई, संबंधाच्या वेळी कोरडेपणा किंवा दुखणे असल्यास इच्छा त्यामुळेच मावळलेली असू शकते. तेव्हा आधी वंगण जेली वापरून पाहावी. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही तपासावे. गोळीचा घटक बदलून पाहता येतो, पण अमुक गोळीने इच्छा हमखास परत येते, असा भक्कम पुरावा नाही. हार्मोनच नको असल्यास तांबी आहे. ती बसेपर्यंत गोळी चालू ठेवावी. जीव देण्याचे विचार येत असतील, तर नोंदवहीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना भेटावे किंवा 14416 वर टेलिमानसला फोन करावा.

कृष्णाकाठ : तांबीनंतर माझे मन निवळले, पण पाळीत रक्तस्राव इतका वाढला की हिमोग्लोबिन 9.4 वर आले. शेवटी मी ‘छाया’ ही हार्मोन नसलेली गोळी निवडली : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. पाळी लांबते आणि तेव्हा दर वेळी धास्ती वाटते.

शेवंती : थायरॉइड ठीक निघाले आणि चार महिन्यांपूर्वी मी तांबी बसवून घेतली. दुसऱ्या महिन्यापासून मनाचे गुण सात आहेत. इच्छा चारवर थांबली आहे. मुलगी रात्री दोनदा उठते आणि पतींची रात्रपाळी आहे, त्यामुळे उरलेले काय कशाचे, हे मला अजून सांगता येत नाही. नोंदी चालू ठेवल्या आहेत.